विकायच्या बॅटचं वर्णन लिहिताय? आधी काटा

'हलकी, एकदम मस्त बॅट' एवढ्यावरून बडोद्यात मुलासाठी बॅट शोधणाऱ्या बापाला काहीच कळत नाही. कव्हर काढून बॅट किराण्याच्या काट्यावर ठेवा आणि येईल तो आकडा लिहा. समजा, 1190 ग्रॅम भरली. आता मूठ बघा. एकावर एक दोन ग्रिप चढवल्या असतील तर तेही सांगा. दुसऱ्या रबरी ग्रिपने साधारण 50 ग्रॅम वाढतात, शिवाय मूठ इतकी जाड होते की लहान हातात नीट बसत नाही.

लाकडाचं नाव मात्र अंदाजाने टाकू नका. नवे लोक इथेच सर्वात जास्त चुकतात. पांढरी दिसते म्हणून ती इंग्लिश विलो नसते. काश्मीर विलो सहसा जड आणि तपकिरी झाक असलेली, पण ब्लीच केली की तीही पांढरीच. बिल नसेल तर सरळ 'बहुधा काश्मीर' लिहा.

मग वर्णन असं होईल: 'शॉर्ट हँडल, बहुधा काश्मीर विलो, 1190 ग्रॅम, एकच ग्रिप, साडेपाच फुटांपुढच्या नवशिक्यासाठी, लेदर बॉलवर चालेल.' टेनिस बॉलची बॅट असेल तर ते पहिल्याच ओळीत घाला. लेदर बॉल लागला की ती कडेला चिरते, आणि भांडण तुमच्या दारात येतं.