मीठ शेवटी, ताटात

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला स्वयंपाक शिकवायचाय, पण घरातले म्हणतात, मुलग्याला कशाला, अभ्यास करू दे. सुरुवात कुठल्या पदार्थापासून करू?

वरणापासून करा, आणि घरातल्यांच्या होकाराची वाट बघत बसू नका. आमच्याकडे हाच वाद झाला होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, माझ्या तोंडावर सांगितलं होतं, "नववीतल्या पोराच्या हातात पळी देतोस? बाई लाव स्वयंपाकाला." त्याला तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं, ते इथे देतो.

आम्ही ठाण्याला कोपरीत राहतो. माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात झाली. लग्नाआधी चौघे मिळून एका खोलीत राहायचो आणि पाळीपाळीने रांधायचो, त्यामुळे स्टोव्हशी माझी ओळख जुनी. पुढे हिने स्वयंपाकघर सांभाळलं. मग हिचं हृदय अशक्त झालं. पाय सुजायचे, जिना चढताना धाप लागायची. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांइतकंच जेवणावर बजावलं: दिवसभराचं मीठ सगळं मिळून सपाट अर्धा छोटा चमचा, आणि पाणीसुद्धा मोजून. मीठ जास्त गेलं की अंगात पाणी साठतं, आणि ते पाणी पुढे ढकलायचं काम त्याच थकलेल्या हृदयाला करावं लागतं.

मुलगा-सून सकाळच्या लोकलने मुंबईला जाणार, माझे हात थरथरायला लागलेले. उरला नातू, सोहम. पोळीभाजीची बाई लावून बघितलीच आम्ही. तिचा हात सवयीने मिठाच्या डब्यात जायचा, आणि पाच घरं करणाऱ्या बाईला मी रोज उठून काय बोलणार? म्हणून सोहमला म्हटलं, उभा राहा ओट्याशी.

पहिल्या दिवशी काही शिजवलं नाही. सकाळी अर्धा चमचा मीठ एका छोट्या वाटीत काढलं आणि झाकण ठेवलं. आजीचं दिवसभराचं मीठ एवढंच, वाटी रिकामी झाली की संपलं. हे त्याला दहा वेळा सांगावं लागलं नाही, कारण वाटी डोळ्यांसमोर असायची. दुपारच्या जेवणात किती घातलं आणि रात्रीला किती उरलं, हे तोच बघायला लागला.

मग वरण. तुरीची डाळ अर्धा तास भिजवायची, एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचा थेंब. मीठ नाही. कुकरची वाफ आपोआप जिरली की झाकण काढायचं आणि डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून बघायचा. मधे कण लागला तर पुन्हा शिट्टी, लोण्यासारखा पसरला तर रवीने घोटायचं. पहिल्यांदा त्याने शिट्ट्या बरोबर मोजल्या, तरी डाळ टचटचीत राहिली, कारण डाळ जुनी होती. तेव्हापासून तो शिट्ट्यांवर नाही, बोटांवर विश्वास ठेवतो.

मीठ शिजताना घातलं तर ते सगळ्या डाळीत मुरतं आणि जिभेला कमीच लागतं. तेच चिमूटभर मीठ ताटात वाढल्यावर वरून भुरभुरलं तर पहिल्या घासाला जीभेवर येतं. एवढ्यावर ही जेवायला लागली. बाकीची चव आंबटाने आणि फोडणीने भरून काढायची. फोडणीला तूप तापलं की नाही ते एक जिरं टाकून बघायचं: लगेच तडतडलं तर ठीक, तळाशी पडून राहिलं तर थांब, टाकताच काळं पडलं तर गॅस बंद. मोहरी असेल तर ती पूर्ण तडतडू द्यायची, अर्धवट राहिलेली कडू लागते. मग हिंग, लसूण, आणि गॅस बंद करून तिखट. वरून लिंबू पिळायचं, ओलं खोबरं, कोथिंबीर. तांदळाची भाकरी तर उकडीत मीठ नसलं तरी तशीच फुगते, फक्त उकड गरम असतानाच हात पाण्यात बुडवून चांगली मळायला हवी. कडा फाटल्या की समजायचं, मळणं कमी पडलं. भाकरी मात्र त्याला अजून गोल जमत नाही.

आता दादाची गोष्ट. तो कळव्याहून हिला बघायला आला. येताना गावचं कोकमाचं आगळ घेऊन आला, आमचं गाव राजापूरकडचं. हिला सोलकढी जीव की प्राण. मी बाटली हातात घेतली, खूश झालो आणि सोहमला म्हटलं, नारळ फोड. त्याने बाटली उजेडात धरली. तळाला पांढरं बसलेलं होतं. बोटावर थेंब घेऊन चाटला आणि म्हणाला, "आबा, हे खारट आहे. आजीला नाही चालणार." आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ घालतात, हे मला आयुष्यभर ठाऊक आहे, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त सोलकढी होती. दादा म्हणाला, "दोन घोटांनी काय होतंय?" पोराने त्याच्याशी वाद घातला नाही. जांभळी नाक्यावरून आणलेली सुकी आमसुलं काढली, तीही मिठाची असतात म्हणून दोनदा धुतली, कोमट पाण्यात भिजवून चुरली, नारळाच्या दुधात ते पाणी गाळून घातलं, जिऱ्याची पूड आणि ठेचलेली लसूण टाकली. रंग फिका आला. हिला त्याने पाऊणच वाटी दिली, कारण तीही पाण्याच्या मापात धरायची होती. हिने वाटी संपवली आणि दादाकडे बघून म्हणाली, "भावजी, तुमचं आगळ तुम्ही घेऊन जा."

दादाचं म्हणणं, यात अभ्यासाचा वेळ गेला. मी म्हणतो, पापड, लोणचं, फरसाण, खारी, ब्रेड, इतकंच काय ढोकळ्यातला सोडा, यातून शरीरात किती सोडियम जातं हे त्या पोराला पाकिटामागचं वाचून कळतं, आणि दादाला शाळेत मास्तरकी करूनही कळलं नाही. वहिनींना रक्तदाब आहे, तरी त्यांच्या ताटात रोज पापड असतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. तेरा वर्षांच्या मुलाला कुकर आणि फोडणी जमते, पण पहिले काही आठवडे शेजारी उभे राहा आणि कुकरचं झाकण ओढून काढायला देऊ नका. कढईत तळण आत्ता नको. आणि अळणी जेवण निरोगी मुलाला लादू नका, आमच्याकडे सोहमचं ताट नेहमीच्या मिठाचंच असतं.

एक राहिलं. घरात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजारी माणूस असेल तर कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि काही गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचंही तसंच. मिठाचं आणि पाण्याचं माप तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आमचं माप तुम्हाला लागू होईलच असं नाही.