सेल्फ-टेस्ट निघाली म्हणजे प्रिंटर बरा होता

*सणाच्या ऐन गर्दीत बिलाचा प्रिंटर बंद पडला तर आधी काय बघायचं? दुकानदारांनी स्वतःचा अनुभव सांगावा.*

माझं कपड्यांचं दुकान आहे. सणाच्या आदल्या संध्याकाळी, सव्वासातच्या सुमारास, काउंटरवर दहा-बारा गिऱ्हाईकं उभी असताना प्रिंटर गप्प झाला. मी पहिली दहा मिनिटं सगळे करतात तेच केलं. प्रिंटचं बटण पुन्हापुन्हा दाबलं, प्रिंटर चालू-बंद केला, वरून एक थाप मारली. रांगेतल्या एका गृहस्थांनी "ड्रायव्हर काढून परत टाका" असा सल्ला दिला. तो ऐकला नाही हे त्या दिवशीचं माझं पहिलं शहाणपण, कारण गर्दीत ड्रायव्हर काढला आणि परत बसला नाही, तर रात्रभर हातानेच बिलं लिहावी लागतात.

मग बायकोच्या हातात जुनं बिलबुक दिलं आणि स्टूल ओढून प्रिंटरसमोर बसलो. बिघाड प्रिंटरमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये, एवढंच आधी ठरवायचं होतं. त्यासाठी थर्मल प्रिंटरमध्ये एक सोय असते. प्रिंटर बंद करायचा, फीडचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून चालू करायचा आणि दोन-तीन सेकंदांनी सोडायचं. बहुतेक मॉडेलांत यावर सेल्फ-टेस्टची चिठ्ठी निघते. माझी सरसर निघाली, हाताला कोमट, अक्षरं काळीभोर, शेवटी कटरही व्यवस्थित चालला. म्हणजे वीज, कागद, हेड, मोटर सगळं ठीक. एका चिठ्ठीने अर्धा संशय मिटला.

(कोरा कागद निघाला असता, तर रोल उलटा बसलाय का ते पाहिलं असतं. नख ओढलं की ज्या बाजूवर काळी रेघ उमटते, ती बाजू हेडकडे हवी. काहीच निघालं नसतं, तर ॲडॉप्टर आणि झाकण.)

आता उरली केबल आणि कॉम्प्युटर. केबल दोन्हीकडून घट्ट होती. स्क्रीनवर प्रिंटरची रांग उघडली तर त्यात सतरा कामं अडकलेली, आणि प्रिंटरचं चित्र फिकट, खाली `Offline`. शेजारीच त्याच नावाचा दुसरा प्रिंटर दिसला, पुढे `(Copy 1)` लिहिलेला. तो मी कधीच बसवला नव्हता.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, "केबलला हात लावलास का रे?" तो आधी गप्प. मग म्हणाला, "शेठ, मोबाईल चार्जिंगला लावला होता. मग परत लावली की केबल." लावली होती, पण दुसऱ्या खाचेत. बऱ्याच स्वस्त प्रिंटरना स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे खाच बदलली की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजतं आणि नवा पोर्ट देतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाकडे, जुन्याच पोर्टवर बिलं पाठवत राहतं.

पहिली खाच कोणती, ते पोराला आठवेना. पोर्ट बदलण्याआधी रांग रिकामी करणं भाग होतं, नाहीतर जोडणी होताच सतरा बिलं धडाधड बाहेर आली असती. कामं रद्द केली तर पहिलंच काम `Deleting` वर अडकलं. म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून हे दिलं:

```
net stop spooler
del /Q /F %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

याने त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच प्रिंटरांची अडकलेली कामं जातात, हे लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलेली बिलं जात नाहीत.

मग `(Copy 1)` च्या `Printer properties` मध्ये `Ports` पाहिलं. तिथे `USB003` वर खूण होती. जुन्या प्रिंटरच्या `Ports` मध्ये `USB001` होता, तिथे `USB003` निवडला आणि एकच बिल पाठवलं. निघालं. या सगळ्याला जेमतेम सात-आठ मिनिटं लागली, आधीची थापा मारण्यातली दहा वेगळी.

खरा घोळ रात्री शटर ओढल्यावर सापडला. त्या सतरा कामांमागे खरी बिलं पाचच होती. बाकीची माझ्या बोटाची कृपा. त्यातली दोन तर गडबडीत नव्या नंबरने सेव्ह झाली होती, म्हणजे स्टॉकमधून तोच माल दोनदा वजा. ती रद्द केली, बिलबुकातली हाताने लिहिलेली बिलं चढवली, तेव्हा कुठे गल्ल्याचा मेळ बसला.

दुसऱ्या दिवशी बायकोने नेलपॉलिशचा एक ठिपका केबलच्या टोकाला आणि एक खाचेशेजारी लावला. पोराला वेगळा चार्जर आणून दिला.