सिनेमा मोड आणि घरच्यांची ‘पिवळं दिसतंय’ ही तक्रार

प्रश्न: नवीन टीव्ही घेतलाय. सिनेमा मोड लावला की घरचे म्हणतात पिवळं दिसतंय, विविड लावला की माझे डोळे दुखतात. सिनेमा, स्टँडर्ड, विविड, स्पोर्ट्स यातलं कधी काय लावायचं?

रात्री पिक्चर किंवा वेब सिरीज बघताना सिनेमाच ठेवा. ज्या मॉनिटरवर पिक्चरचे रंग ठरवतात, त्याचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास असतो. सिनेमा मोड त्याच्या जवळ जातो, बाकीचे मोड बरेच निळसर असतात. आमच्याकडे सांगलीत पहिल्या रात्री अण्णा म्हणाले, “अरे, सगळ्यांना कावीळ झालीय का?” मी चार दिवस मोडला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मुद्दाम विविड केलं, तर म्हणाले, “हे काय, धोतराला नीळ जास्त झाल्यासारखं!” डोळ्याला सवय लागायला एवढाच वेळ लागतो.

विविड दुकानातल्या लखलखाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो. घरी त्यात गवत रेडियमसारखं चमकतं, चेहरे लालभडक होतात आणि अक्षरांभोवती पांढरी कड येते. मी तो वापरतच नाही.

मग सकाळी हॉलमध्ये ऊन आल्यावर काय? स्टँडर्ड लावा आणि Backlight वाढवा. इथे बरेच जण चुकून Brightness वाढवतात. पुष्कळ टीव्हींमध्ये त्याने उजेड वाढत नाही, फक्त काळा रंग उचलला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: पांढरा शर्ट होता तसाच राहिला आणि काळे केस राखाडी झाले, तर तुम्ही चुकीची पट्टी सरकवलीत. काही कंपन्यांनी नावं बदललीत, त्यामुळे नावापेक्षा या खुणेवर भरवसा ठेवा. बातम्या, मालिका यांनाही स्टँडर्ड पुरतो.

स्पोर्ट्स मोड क्रिकेटसाठीच असणार असं वाटतं, पण जरा थांबा. त्यात रंग भडक असतातच, शिवाय बहुतेक टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः तयार करून भरतात. आपल्याकडे एचडी चॅनेलवर मॅच सेकंदाला ५० वेळा टिपलेली येते, म्हणजे हालचाल मुळातच गुळगुळीत असते. वर टीव्हीने अंदाज बांधला की सीमारेषेकडे जाणारा चेंडू जाहिरातीच्या फलकापुढे तुटतो, कधी क्षणभर गायबच होतो. आम्ही मॅच स्टँडर्डवर बघतो आणि मोशनचा पर्याय बंद ठेवतो. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो. त्यात ही भर पडली की तो मालिकेसारखा दिसायला लागतो, म्हणून सिनेमा मोडमध्येही हा पर्याय बंद आहे ना ते एकदा बघा.

आणि हो, सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर केलेलं सेटिंग टीव्हीतल्या ॲपला लागू होईलच असं नाही. एचडीआर पिक्चर सुरू झाला की त्याचे मोड बऱ्याचदा वेगळेच उघडतात. दोन्हीकडे जाऊन एकेकदा लावून घ्या.