ईडब्ल्यूएस निकालातलं अल्पमत बहुमतापासून नेमकं कुठे फुटतं?

"एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईडब्ल्यूएस आरक्षणाच्या खटल्यातल्या अल्पमताचा सारांश लिहून ते बहुमतापासून कुठे वेगळं होतं ते दाखवायचं आहे. न्या. भटांचा निकाल दोनदा वाचला. दोन्ही बाजू समतेबद्दलच बोलतात असं वाटतं. फरक पकडायचा कसा?"

मी वकिली सुरू केली तेव्हा एका ज्येष्ठांसाठी अशीच टिपणं काढायचो. पहिल्या टिपणात मी अल्पमतातली सगळी जोरदार वाक्यं ओळीने उतरवली होती. त्यांनी कागद परत केला आणि एवढंच विचारलं, "हे दोघे कुठपर्यंत बरोबर चालले?" तेव्हापासून मी मतभेद शोधण्याआधी सहमती शोधतो. सहमती जिथे संपते, तिथेच फाटा असतो.

या खटल्यात ते चांगलं दिसतं. ७ नोव्हेंबर २०२२ चा निकाल, पाच न्यायमूर्ती. न्या. माहेश्वरी, न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पारडीवाला यांनी हे आरक्षण आणणारी १०३ वी घटनादुरुस्ती वैध ठरवली, पण तिघांनी वेगवेगळे निकाल लिहिले. अल्पमत न्या. रवींद्र भट यांनी लिहिलं आणि सरन्यायाधीश उदय लळीत त्याच्याशी सहमत झाले. पीठापुढे तीन प्रश्न होते: आर्थिक निकषावर आरक्षण देणं, विनाअनुदानित खासगी संस्थांना ते लावणं, आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांना वगळणं, यांपैकी कशाने घटनेची मूलभूत चौकट मोडते का?

एका कागदावर हे तीन प्रश्न आडवे आणि पाच नावं उभी लिहा. मग निकालाच्या शेवटचे निष्कर्ष वाचून चौकटी भरा. मधली पानं नंतर.

दुसऱ्या प्रश्नावर सगळे एकमताचे आहेत, तो काटून टाका. पहिल्यावर बऱ्याच जणांची फसगत होते. 'अल्पमताने आर्थिक निकषच नाकारला' असं वाक्य मी अनेक उत्तरपत्रिकांत वाचलं आहे आणि ते चूक आहे. गरिबी दूर करण्यासाठी आर्थिक निकषावर विशेष तरतूद करणं राज्याला वैधपणे करता येतं, हे भटांनी स्वच्छ मान्य केलंय. कलम १५ पुरता, म्हणजे मुख्यतः शिक्षणातल्या प्रवेशांपुरता, त्यांचा या निकषाला आक्षेप नाही. कलम १६ चं त्यांचं म्हणणं वेगळं आहे. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचा हेतू समाजघटकाला सत्तेत प्रतिनिधित्व मिळणं हा आहे आणि गरीब व्यक्ती हा काही असा समाजघटक नव्हे, म्हणून तिथे हा निकष बसत नाही. ही मतभेदाची धाकटी फांदी. तिला स्वतंत्र परिच्छेद द्या, पण मुख्य फाटा म्हणून दाखवू नका.

मुख्य फाटा तिसऱ्या प्रश्नात आहे. या दुरुस्तीने घातलेल्या कलम १५(६) मधले शब्द पाहा: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, पण खंड (४) आणि (५) मध्ये आलेले वर्ग सोडून. सगळा वाद या 'सोडून'भोवती आहे.

एक उदाहरण मांडून बघा. दोन मुलं, दोघांच्याही आया शेतमजूर, दोन्ही घरांचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या खूपच खाली. एक खुल्या प्रवर्गातला, दुसरा अनुसूचित जातीचा. दहा टक्क्यांच्या नव्या दारातून पहिला आत जाऊ शकतो, दुसरा नाही.

बहुमताची साखळी अशी: दुसऱ्यासाठी आधीच राखीव जागा आहेत. त्याला इथेही घेतलं तर दुहेरी लाभ होईल. शिवाय भरपाईची कोणतीही तरतूद एका गटासाठी केली की दुसरा बाहेर राहणारच, नाहीतर ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून वगळणं हा या तरतुदीचाच भाग आहे.

भट या साखळीच्या पहिल्याच कडीला हात घालतात. त्यांच्या मते जुनं आरक्षण हा 'लाभ' नाही. जातीमुळे पिढ्यानपिढ्या झालेल्या बहिष्काराची ती भरपाई आहे, तर नवी तरतूद गरिबीसाठी आहे. दोन वेगळ्या दुखण्यांची दोन औषधं असतील, तर एक घेतोस म्हणून दुसरं मिळणार नाही असं कसं म्हणणार? (औषधांची उपमा माझी, निकालात शोधू नका.)

थोडक्यात, दोन्ही बाजू तुलना वेगवेगळ्या जोड्यांची करतात. बहुमत आरक्षण असलेला वर्ग आणि नसलेला वर्ग समोरासमोर ठेवतं. भट एका गरिबासमोर दुसरा गरीब ठेवतात, कारण दुरुस्तीनेच गरिबी हा निकष निवडलाय. मग सारख्याच गरिबांपैकी काहींना त्यांच्या सामाजिक ओळखीमुळे बाहेर ठेवणं हा भेदभाव ठरतो, आणि भेदभाव न करणं हे घटनेतल्या समतेचं मर्म असल्याने मूलभूत चौकट मोडते. म्हणून त्यांनी १५(६) आणि १६(६) दोन्ही कलमं रद्दबातल ठरवली असती. तुमच्या सारांशाचं केंद्र हा परिच्छेद असायला हवा.

फाटा खरंच इथे आहे का, हे तपासायला एक गृहीतक बदलून पाहा. जुनं आणि नवं आरक्षण एकाच प्रकारचे लाभ आहेत असं भटांच्या निकालात घातलं, तर त्यांचा तिसऱ्या प्रश्नावरचा युक्तिवाद कोसळतो. ते भिन्न आहेत असं बहुमतात घातलं, तर 'दुहेरी लाभ' कोसळतो. निष्कर्ष उलटला, म्हणजे जागा बरोबर सापडली.

हीच चाचणी आर्थिक मागासांचा अभ्यास करणाऱ्या सिन्हो आयोगाच्या आकड्यांना लावा. दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे ३१.७ कोटी लोकांपैकी खुल्या प्रवर्गातले ५.८५ कोटी, बाकीचे सगळे वगळलेल्या वर्गांतले. वाचताना हा आकडा चटका लावतो आणि विद्यार्थी त्यालाच मतभेद समजतात. पण तो काढला तरी भटांचं तत्त्व उभं राहतं. आकडा वगळणुकीची व्याप्ती दाखवतो, म्हणून त्याला एक ओळ पुरे.

आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेचंही तसंच. मराठा आरक्षणाचा २०२१ चा निकाल ताजा असल्याने आपल्याकडे सगळे आधी तेच शोधत होते. बहुमताने ही मर्यादा अनुल्लंघनीय नाही आणि ती जुन्या प्रकारच्या आरक्षणापुरतीच आहे असं म्हटलं. भटांनी मात्र अंतिम मत दिलं नाही, कारण तमिळनाडूच्या आरक्षण कायद्याचा तोच मुद्दा न्यायालयात प्रलंबित होता. त्यांनी फक्त इशारा दिला, की एकदा मर्यादा ओलांडू दिली की पुढच्या उल्लंघनांना दार उघडतं. तेव्हा तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'विरोध' न लिहिता 'मत राखून, इशारा' असं लिहा.

शेवटचं, वाचतानाच्या एका सापळ्याबद्दल. अल्पमतात बरीच पानं वकिलांचे आणि सहकारी न्यायमूर्तींचे युक्तिवाद मांडण्यात जातात. परिच्छेद उतरवण्याआधी वाक्याचा कर्ता पाहा, की हे भट स्वतः म्हणतायत की दुसऱ्याचं म्हणणं सांगतायत. मी समासात पेन्सिलीने 'वकील', 'बहुमत', 'स्वतः' असं लिहीत जातो. सारांशात फक्त 'स्वतः'वाले परिच्छेद येतात.