खाड्याच्या वहीतला अनुभव

पत्र

«मी नाशिकला राहते, वय ४२, बी.कॉम. २०१५च्या जूनपासून घरून डबे देते. लॉकडाऊनमध्ये सहा महिने बंद होते, बाकी खंड नाही. आता सांधे दुखतात, पहाटे चारला उठणं झेपत नाही, आणि महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार हवा आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहाची मेस चालवणाऱ्या कंत्राटदाराकडे सुपरवायझरची जागा आहे. आधी एका ठिकाणी गेले तर बायोडेटा बघून म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही इतकी वर्षं घरीच होतात.’ अन्न परवान्याची नोंदणी २०२१ला केली, त्याआधीचा कागद काहीच नाही. जाऊबाईंच्या भावाची फर्म आहे, तो पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र द्यायला तयार आहे. घ्यावं का?»

उत्तर

ताई, ते पत्र घेऊ नका. पाच वर्षं नोकरी केली असं लिहिलंत की पुढचा माणूस पगाराच्या स्लिपा मागतो, बँकेत जमा झालेला पगार दाखवा म्हणतो, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर विचारतो. त्यातलं काहीच तुमच्याकडे नसणार. मग एका खोट्या कागदापायी तुमच्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि त्या कागदाची तुम्हाला गरजही नाही. डबे देणाऱ्या प्रत्येक घरात एक वही असते, तीच तुमचा पुरावा आहे.

मी खाड्याच्या वहीबद्दल बोलते आहे. कोण कुठल्या दिवशी जेवणार नाही, कुणाचा पाहुणा वाढला, कुणाचे किती पैसे आले, हे सगळं तिच्यात असतं. मेसच्या कंत्राटदारांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. अशी वही घेऊन आलेल्या बाईला मी कधी वाटेला लावलं नाही. कारण मेसमधला सगळ्यात मोठा तोटा होतो तो उद्या किती ताटं लागतील याचा अंदाज चुकल्याने. तो अंदाज तुम्ही रोज रात्री बांधता, फक्त त्याला काही नाव देत नाही.

कसं करायचं ते एक उदाहरण धरून सांगते. आकडे माझे आहेत, तुम्ही त्या जागी तुमच्या वहीतले घाला. समजा तुमची नेहमीची गिऱ्हाइकं ३४ आहेत, रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याला २६ दिवस. वहीतले मागचे तीन महिने काढा आणि वारानुसार खाडे मोजा. सोमवारी उपवासामुळे सरासरी ६ खाडे, शनिवारी गावी जाणाऱ्यांचे ९, बाकीच्या दिवशी दोनेक. म्हणजे सोमवारी २८ डबे, शनिवारी २५. डब्यात चार पोळ्या असतील तर शनिवारी १३६ ऐवजी १०० पोळ्या लाटायच्या. ३६ पोळ्या वाचल्या म्हणजे जवळजवळ किलोभर कणीक वाचली. ‘खाडा आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचा’ असा नियम तुम्ही केला असेल, तर तोही लिहा. शेकडो मुलांच्या मेसला हाच नियम लागतो, आणि तो मुलांकडून पाळून घेणं हेच सुपरवायझरचं अर्धं काम.

आता त्याच महिन्याचा पैशांचा हिशेब. प्रत्यक्ष गेलेले डबे ७८०, शंभर रुपयांप्रमाणे ७८,००० रुपये जमा. किराणा, भाजी, दूध, तेल मिळून ३९,०००. भागाकार करा, एका डब्यामागे कच्चा माल ५० रुपये. कंत्राटदार याच आकड्यावर जगतो, तो ‘प्लेटमागे खर्च’ म्हणतो. मागच्या वर्षी तो किती होता आणि डाळ-तेल महागल्यावर तुम्ही काय बदललंत, हेही आठवून ठेवा. कुणी मेनूचा क्रम बदललेला असतो, कुणी पोळ्यांचा आकार, कुणी थेट दर वाढवलेला असतो. दर वाढवूनही किती गिऱ्हाइकं टिकली, हे वहीतच दिसेल.

पुढे गॅस ५,५००, पोळ्यांना येणाऱ्या मावशी ९,०००, डबे पोचवणारा मुलगा ६,५००. हाती उरले १८,०००. अर्जात ‘सध्याचं उत्पन्न’ असा रकाना असतो, तिथे हे १८,००० लिहायचे, ७८,००० नव्हे. उलाढाल वेगळ्या ओळीत ‘मासिक उलाढाल’ म्हणून दाखवा. इथे पुष्कळ जणी चुकतात. एक तर मोठा आकडा पगाराच्या जागी लिहितात आणि बँकेचा उतारा पाहिला की अडचणीत येतात, नाहीतर संकोचाने ‘काही विशेष नाही’ म्हणतात आणि पगार ठरवताना मार खातात.

बायोडेट्यात व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहू नका, ‘स्वयंरोजगार’ लिहा. ‘घरगुती छोटासा व्यवसाय’, ‘घर सांभाळून आवड म्हणून’ हे शब्दही काढून टाका. त्या जागी नोकरीचा मजकूर लिहितात तसाच लिहा:

‘प्रोप्रायटर, डबा सेवा, नाशिक. जून २०१५ ते आजपर्यंत (२०२०मध्ये लॉकडाऊनमुळे सहा महिने बंद). अन्न नोंदणी २०२१पासून. दरमहा सरासरी ७८० डबे. साप्ताहिक मेनू, खरेदी, साठा, दर्जा आणि वसुलीची पूर्ण जबाबदारी. दोन जणांवर देखरेख. एका डब्यामागे कच्च्या मालाचा खर्च ५० रुपये.’

एवढंच पुरे. बंद काळ स्वतःहून लिहिलात म्हणजे तो कुणी हुडकून काढायची वेळ येत नाही. २०१५ आणि २०२१ या दोन तारखा वेगळ्या आहेत, त्या तशाच राहू द्या. ‘मागच्या तारखेची नोंदणी करून देतो’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका. तुमची १४ अंकी नोंदणी मुदतीत आहे ना, एवढं मात्र आज पाहा. मुदत संपलेली असेल आणि डबे चालू असतील तर ती आधी नीट करून घ्या. तसंच स्वयंपाक घरच्या लाल सिलिंडरवर होत असेल तर तेही बदला. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, आणि मेसचा माणूस गप्पांच्या ओघात हे विचारतोच.

नोंदणीच्या आधीची सहा वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून सिद्ध होतात. जुनी दोन-तीन गिऱ्हाइकं निवडा, शक्यतो एखाद्या कार्यालयातून एकदम आठ-दहा डबे घेणारं एक तरी असू द्या. त्यांच्याकडून चार ओळींचं पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत डबे घेतले, रोज किती, वेळेवर येत होते का, खाली नाव, सही आणि फोन. ‘ताई खूप छान जेवण बनवतात’ अशा स्तुतीचा उपयोग होत नाही. तारखा आणि संख्या हव्यात. ज्याचा नंबर द्याल त्याला आधी सांगून ठेवा की फोन येईल. जोडीला बँकेकडून जुन्या वर्षांचे उतारे मागून घ्या. डब्यांचे पैसे ऑनलाइन येऊ लागले असतील, त्या नोंदी पेनने खूण करून ठेवा. वहीची मात्र झेरॉक्स देऊ नका. तीत लोकांची नावं आणि पत्ते असतात. वही सोबत न्या, एक पान उघडून दाखवा आणि परत पिशवीत ठेवा.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येणार: ‘तुम्ही तीस-पस्तीस डबे करता, आमच्याकडे अडीचशे मुलं आहेत, जमेल का?’ इथे ‘हो, सहज’ म्हणू नका. तो माणूस जाणकार असेल तर त्याला तिथेच शंका येईल. तीस माणसांच्या उसळीचं मीठ-मसाल्याचं माप आठपट केलं की अडीचशेची उसळ होत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी वेगळं आटतं, शिजायला वेळ वेगळा लागतो, म्हणून मीठ-तिखट थोडं कमी घालून शेवटी चवीला वाढवावं लागतं. तुम्ही असं सांगू शकता: ‘माझी मापं माणशी ठरलेली आहेत, तांदूळ-डाळ-कणकेची मागणी मी पहिल्या दिवसापासून काढू शकते. मोठ्या पातेल्याचा अंदाज तुमच्या आचाऱ्याकडून पंधरा दिवसांत घेईन.’ हे खरं आहे आणि यात तुम्हाला काय येतं तेही कळतं. मोठी ऑर्डर कधी केली असेल, बारसं असो की सत्यनारायण, तर माणसं किती, मदतीला कोण होतं आणि उरलं किती, हे सांगा.

दुसरी उणीव माणसांची. तुम्ही दोघांकडून काम करून घेतलंय, तिथे आठ-दहा जण असतील, आणि त्यातले काही आचारी बाईमाणसाचं ऐकायला नाखूश असतात. हे लपवू नका, पण एक प्रसंग तयार ठेवा. मावशी न सांगता आल्या नाहीत त्या दिवशी काय केलंत? पोळ्यांऐवजी भात वाढवून गिऱ्हाइकांना आठच्या आत मेसेज केला असेल, तर तेवढंच सांगा, वेळेसकट.

स्वच्छतेबद्दल विचारतील तेव्हा ‘अगदी घरच्यासारखं’ हे उत्तर अपुरं पडतं. आलेला माल मागे आणि जुना पुढे ठेवता का, भाजी करून झाल्यापासून डबा पोचेपर्यंत किती वेळ जातो, उरलेल्याचं काय करता, हे सांगा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवायचा, हा नियम पाठ असू द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं ‘फॉस्टॅक’ नावाचं छोटं प्रशिक्षण असतं, ते मुलाखतीआधी झालं तर बायोडेट्यात एक ओळ वाढते.

सरकारी किंवा निमसरकारी जागेला अर्ज करणार असाल तर जाहिरातीतली अनुभवाची अट शब्दन्‌शब्द वाचा. नोंदणीकृत संस्थेतल्या नोकरीचंच प्रमाणपत्र मागितलं असेल तर हा सगळा खटाटोप तिथे चालत नाही, अर्जाची फी वाया जाईल. खासगी कंत्राटदार, रुग्णालयाचं कँटीन, शाळेची मेस इथे चालतो. रुग्णालयात मात्र पथ्याचा आहार ठरवणं हे आहारतज्ज्ञाचं काम आहे, ते मला येतं असं सांगू नका. साठा आणि वाढप एवढ्यापुरतंच बोला.

राहिली एक गोष्ट, जी कंत्राटदार उघड विचारणार नाही. त्याला भीती असते की ही बाई नोकरी करून घरचे डबे चालूच ठेवील, दुपारी लवकर पळेल, किंवा आमच्याच कोठीतला माल तिकडे जाईल. तुम्हीच विषय काढा. डबे कधी बंद करणार याची तारीख सांगा आणि गिऱ्हाइकांना महिनाअखेरपर्यंतचा अवधी हवा, म्हणून पुढच्या एक तारखेपासून येईन असं म्हणा. नेमणुकीचं पत्र हाती आलं की त्याच रात्री सगळ्यांना कळवा, आगाऊ घेतलेले पैसे खाडे धरून परत करा, आणि वहीत शेवटच्या डब्याची तारीख लिहा. बायोडेट्यात ‘आजपर्यंत’च्या जागी तीच तारीख येईल.