श्रद्धांजलीच्या भाषणात आई, माता, जननी की मातोश्री?

प्रश्न: आईच्या पहिल्या पुण्यतिथीला गावच्या देवळाच्या सभागृहात मला बोलायचं आहे. घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण आई मराठी शाळेत शिक्षिका होती, म्हणून भाषण मराठीतच करणार. औपचारिक प्रसंगी नुसतं ‘आई’ म्हणणं कमी पडतं का? माता, जननी, मातोश्री, माउली यांतला कुठला शब्द कुठे वापरावा? मी लिहिलेली सुरुवात अशी: ‘आमच्या मातोश्रींचे गेल्या वर्षी दुःखद निधन झाले. ती पहाटे उठून पेज शिजेपर्यंत मुलांच्या वह्या तपासायची. त्या जननीने आम्हा तिघा भावंडांना वाढवले. हे माते, तुला विनम्र श्रद्धांजली.’

उत्तर: कमी पडत नाही. तुमच्या चार वाक्यांतलं दुसरं वाक्य सगळ्यात चांगलं आहे, आणि गंमत म्हणजे त्यात आईसाठी ‘ती’ सोडून दुसरा शब्दच नाही. अडचण नेमकी त्या ‘ती’पाशी सुरू होते.

मराठीत आदर नामापेक्षा क्रियापदात जास्त दिसतो. ‘मातोश्री’ म्हटलं की पाठोपाठ अनेकवचन येतं: मातोश्री आल्या, मातोश्रींनी सांगितलं, त्या म्हणायच्या. ‘आई’ला एकवचन लागतं: आई आली, ती म्हणायची. तुमच्या पहिल्या वाक्यात मातोश्री आहेत आणि दुसऱ्यात ‘ती तपासायची’. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण एक माणूस गेला आणि दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सुरू झाली, असं क्षणभर वाटेल. ‘त्या तपासायच्या’ केलंत तर व्याकरण जुळेल, पण ते सहकारी शिक्षकाने बोलावं तसं होईल. मुलाच्या तोंडी ‘ती’च हवं, म्हणून बदलायचा तो वरचा शब्द.

यावर कुणी म्हणेल, ‘आई’च ठेवू आणि आदरासाठी ‘आई म्हणायच्या’ असं अनेकवचन करू. तसं केलंत तर ती तुमची आई राहणार नाही, सासू होईल. ‘आई आल्या’, ‘आईंनी विचारलं’ हे सुनेचं मराठी आहे. त्या दिवशी तुमची पत्नीही बोलणार असेल तर तिने ‘आई म्हणायच्या’ म्हणावं, तुम्ही ‘आई म्हणायची’. शब्द एकच, पण कोण कोणाविषयी बोलतंय ते क्रियापदावरून सभागृहाला कळेल.

मग ‘मातोश्री’ कुणी म्हणायचं? मुख्यतः इतरांनी. तो दुसऱ्याच्या आईविषयी बोलताना वापरायचा शब्द आहे. सूत्रसंचालकाने ‘आता त्यांचे चिरंजीव आपल्या मातोश्रींविषयी बोलतील’ म्हणणं अगदी रास्त. निमंत्रणपत्रिकेत ‘आमच्या मातोश्री यांचे प्रथम पुण्यस्मरण’ हेही चालतं, कारण तिथे बोलणारा तुम्ही एकटे नसता, सारं कुटुंब असतं. जुन्या पत्रांत मुलगा स्वतःच्या आईलाही ‘तीर्थरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार’ लिहायचा, पण तो मायन्याचा साचा होता. पत्र लिहिणारा तोच मुलगा घरी हाक मारताना काही ‘मातोश्री’ म्हणत नसे.

‘जननी’चा प्रश्न वेगळा आहे. इथे अर्थच बसत नाही. शब्द ‘जन्’ धातूवरून आलेला, जन्म देणारी ती जननी. देवकी कृष्णाची जननी. यशोदेला आपण आई म्हणतो, जननी म्हणत नाही. तुमच्या वाक्यातलं क्रियापद ‘वाढवले’ आहे आणि वाढवणं हे आईचं काम, त्यासाठी जननीच असावं लागत नाही. सभेत कुणी मावशीने किंवा आत्याने वाढवलेलं बसलं असेल तर त्याला हा शब्द बोचेलही. शिवाय बोलीत ‘जननी’ माणसासाठी जवळजवळ उरलेलीच नाही. ती ‘गरज ही शोधाची जननी’ अशा वाक्यांत राहते, नाहीतर ‘जननी जन्मभूमिश्च’ या श्लोकात. श्लोक म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा, पण पुढच्या वाक्यात परत ‘आई’वर या.

‘माता’ एकेकट्या आईपेक्षा समुदायाला आणि देवीला जास्त शोभतो. समोरच्या बायकांना ‘माता-भगिनींनो’ म्हणता येतं. ‘आयाबायांनो’ म्हटलंत तर त्या मनातून रागावतील. संबोधन ‘माते’ तर आपल्याकडे देवीचंच: सातेरी माते, लईराई माते. देवळाच्या सभागृहात, गाभाऱ्यापासून वीस पावलांवर ध्वनिक्षेपकातून ‘हे माते’ घुमलं तर निम्म्या लोकांचे हात आपोआप जोडले जातील, आणि ते देवीला. (एक टीप पंडितांसाठी: संस्कृतात संबोधन ‘मातः’ होतं, ‘माते’ आपलं मराठीतलं. म्हणून ते चूक ठरत नाही.)

‘माउली’त माया पुष्कळ आहे, पण तिच्यात कणवही मिसळलेली असते. ‘त्या माउलीने पोटाला चिमटा काढून पोरं वाढवली’ हे शेजारणीने म्हणावं. मुलाने स्वतःच्या आईला ‘ती माउली’ म्हटलं की तो जरा लांब उभा राहून तिच्याकडे पाहतोय असं होतं. शिवाय विठ्ठलभक्तांच्या गावात माउली म्हणजे ज्ञानेश्वर. भाषणात एकदा, फार तर.

तुम्ही विचारला नाहीत, पण एका शब्दाबद्दल सावध करतो: ‘माय’. पुस्तकी मराठीत तो फार गोड, मायलेक, मायबोली वगैरे. पण आपल्याकडच्या बऱ्याच कोंकणी घरांत ‘मांय’ म्हणजे सासू. फोंड्याकडच्या एका शोकसभेत एका गृहस्थांनी कंठ दाटून ‘माझी माय गेली’ म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारची आजी दचकून सुनेच्या कानाशी लागली, ‘हाची मांय जिती आसा न्हय?’ सासूबाई खरोखरच दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. घरातल्या कोंकणीतून शब्द आणायचाच असेल तर ‘आवय’ आणा, पण तोही आईविषयी बोलताना, हाक मारताना नाही.

आता तुमची चार वाक्यं. पहिलं मी असं करीन: ‘आई गेली त्याला आज वर्ष झालं.’ ‘दुःखद निधन’ सूत्रसंचालक आधी म्हणून मोकळा झालेला असेल, तुम्ही ‘गेली’ म्हणा. दुसरं जसंच्या तसं ठेवा, पेज आणि वह्यांसकट. तिसरं: ‘आम्हा तिघांना तिनं वाढवलं.’ इथे कर्त्याची वेगळी पदवी नकोच. चौथ्यात ‘तुला श्रद्धांजली’ जमत नाही. श्रद्धांजली आपण गेलेल्या माणसाला ‘वाहतो’, त्याच्याशी समोरासमोर बोलताना देत नाही. तिच्याशी बोलूनच संपवायचं असेल तर ‘आई, तुला नमस्कार’ पुरे. श्रद्धांजली सभेच्या वतीने अध्यक्ष वाहतील, आणि तिथे ‘मातोश्रींना’ बरोबर बसेल.

फलक छापायला द्याल तेव्हा एवढं पाहा: ‘माउली’तला उ ऱ्हस्व, आणि तत्पुरुष समासात ‘माता’चं ‘मातृ’ होतं, म्हणजे ‘मातृस्मृती’, ‘मातास्मृती’ नव्हे.