अडीच पानांतून आठ ओळी

प्रिय,

तिन्ही गोदामांत 1 एप्रिलपासून नवी बिलिंग प्रणाली सुरू करायच्या प्रकल्पाचा साप्ताहिक अहवाल तू काल मला दाखवलास. तुमच्या टीम लीडने लिहिलेली अडीच पानं तू एका पानावर आणली आहेस. भाषा साफ झाली आहे, पुनरुक्ती गेली आहे. तरीही तो एमडींकडे असाच गेला असता तर त्यांनी वाचून ‘बरं’ म्हटलं असतं आणि 1 एप्रिलला भिवंडीच्या गोदामातून गाड्या निघाल्या नसत्या. तू प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा कापलास, म्हणजे मूळ अहवालात जे दबलेलं होतं ते तुझ्याही अहवालात तितकंच दबलेलं राहिलं.

मूळ अहवाल आठवड्याच्या क्रमाने लिहिला आहे. सोमवारी सर्व्हरची जुळणी झाली, मंगळवारी नाशिकला प्रशिक्षण, मग बारकोड स्कॅनरची गोष्ट, मग व्हेंडरबरोबरची बैठक. काम करणाऱ्याला ते तसंच आठवतं, त्यात चूक काही नाही. पण पाचव्या परिच्छेदात हे वाक्य आहे: ‘ग्राहक माहितीच्या पडताळणीचे काम सुरू असून काही नोंदींमध्ये जीएसटी क्रमांकाबाबत तफावत आढळली आहे. विक्री विभागाकडे पाठपुरावा सुरू आहे.’ तू ते ‘ग्राहक माहितीची पडताळणी सुरू आहे’ एवढंच ठेवलंस.

असं वाक्य समोर आलं की कापायचं नाही, फोन उचलायचा. ‘काही नोंदी’ म्हणजे किती? ‘तफावत’ म्हणजे नेमकं काय? पाठपुरावा कोण करतंय आणि रोज किती नोंदी सुधारताहेत? ही उत्तरं त्या अडीच पानांत नव्हतीच. सारांश लिहायला बऱ्याचदा मूळ मजकुरापेक्षा जास्त माहिती लागते, आणि ती मिळवण्यात लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो. मी तुमच्या टीम लीडला विचारलं, दहा मिनिटांत सगळं कळलं.

झालंय असं. तीन गोदामांच्या ग्राहकयाद्या एकत्र केल्या. भिवंडीचे बरेच ग्राहक दोन-तीन राज्यांत नोंदलेले आहेत आणि प्रत्येक राज्यासाठी त्यांचा जीएसटी क्रमांक वेगळा आहे. एकत्र करताना महाराष्ट्रातला, म्हणजे 27 ने सुरू होणारा क्रमांक गुजरातच्या पत्त्याला चिकटला, 24 वाला इकडे आला. अशा 280 नोंदी आहेत. क्रमांकाचे पहिले दोन आकडे पत्त्याच्या राज्याशी जुळले नाहीत की ई-इनव्हॉइसचं पोर्टल बिल परत पाठवतं, आयआरएन हा बिलाचा नोंदणी क्रमांक मिळत नाही, आणि त्याशिवाय माल बाहेर काढता येत नाही. प्रत्येक नोंद ग्राहकाला विचारूनच सुधारावी लागते. विक्री विभागातला एक जण ते करतोय, त्याच्या रोज 8 होतात. म्हणजे 35 दिवसांचं काम आहे आणि 31 मार्चपर्यंत रविवार नि धुळवड वगळून 23 दिवस उरलेत.

आता वरच्यांना काय सांगायचं ते दिसायला लागलं. मूळ अहवालातल्या प्रत्येक वाक्याला मी एकच गोष्ट विचारते: हे वाचून त्यांना काही ठरवावं लागणार आहे का, किंवा त्यांनी कुणाला दिलेला शब्द बदलावा लागणार आहे का? सर्व्हर, स्कॅनर, प्रशिक्षण या तिन्हींचं उत्तर ‘नाही’, कारण ती कामं ठरल्या वेळेला चालली आहेत. तिघांना मिळून एक वाक्य पुरतं. भिवंडीचं उत्तर दोन्ही बाजूंनी ‘हो’. एमडींनी संचालक मंडळाला 1 एप्रिल सांगितलेलं आहे.

मी लिहिलं असतं ते असं:

विषय: बिलिंग प्रणाली – भिवंडीबाबत 7 मार्चपर्यंत निर्णय हवा

चाकण आणि नाशिक 1 एप्रिलला सुरू होतील. भिवंडी सध्याच्या वेगाने होणार नाही.
तिथल्या 280 ग्राहक-नोंदींमधले जीएसटी क्रमांक पत्त्याच्या राज्याशी जुळत नाहीत. त्यांची बिलं पोर्टल स्वीकारणार नाही.
रोज 8 दुरुस्त होतात, 35 दिवस लागतील, हातात 23 आहेत.
पर्याय 1: विक्री विभागाने आणखी दोन माणसं दोन आठवडे पूर्ण वेळ द्यावीत. भिवंडीही 1 एप्रिलला सुरू होईल.
पर्याय 2: भिवंडी 1 मेपासून. जुन्या सॉफ्टवेअरचा देखभाल करार महिनाभर वाढवावा लागेल, खर्च 60 हजार.
शिफारस: पर्याय 1. ग्राहकांकडून उत्तरं उशिरा आली तर 20 मार्चला पर्याय 2 कडे वळता येईल.
बाकी सर्व कामं वेळेत आहेत.

यात ‘रोज 8’ आणि ‘हातात 23’ मी मुद्दाम ठेवले. ते काढले तर आणखी एक ओळ वाचते, पण मग ‘होणार नाही’ हे आपलं नुसतं मत उरतं. सीएफओ गणित करूनच विश्वास ठेवणाऱ्या आहेत, आणि त्यांना ते मोबाइलवर, मनातल्या मनात करता आलं पाहिजे. उलट 27 आणि 24 ची कथा मला फार आवडते, पण ती वर जात नाही. कुणी विचारलं तर सांगायची.

‘प्रकल्प 85 टक्के पूर्ण’ ही तुझी पहिली ओळ मी काढली. कशाचे 85 टक्के? कामांच्या यादीतल्या ओळींचे. उरलेल्या 15 मध्ये भिवंडीची बिलंच निघणार नसतील तर तो आकडा दिलासा देतो आणि फसवतो. हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायची पद्धत तुमच्याकडे आहे, तर तीन गोदामांना तीन वेगळे रंग दे. सगळ्यांची सरासरी काढून ‘पिवळा’ लावलास तर कुणीच काही करत नाही.

आणखी एक जागा जपायची. छोटं करताना ‘कदाचित’, ‘बहुतेक’ असे शब्द आधी गळतात, कारण ते फालतू वाटतात. दोन माणसं मिळाली तर रोज 24 नोंदी होतील हा आपला अंदाज आहे. ग्राहक वेळेवर उत्तर देतील हे त्यात गृहीत आहे. म्हणून 20 मार्चची ओळ घातली. ती नसती तर आपण न दिलेलं वचन दिल्यासारखं झालं असतं.

पाठवण्याआधी दोन फोन कर. एक टीम लीडला: आठ ओळी वाचून दाखव आणि यात चुकीचं किंवा वाढवून सांगितलेलं काही आहे का ते विचार. दुसरा विक्रीप्रमुखांना, कारण त्यांची दोन माणसं आपण मागतोय. हे त्यांना एमडींच्या मेलमधून पहिल्यांदा कळलं तर चर्चा जीएसटी क्रमांकांवर होणार नाही, ‘आम्हाला आधी का नाही सांगितलं’ यावर होईल. कदाचित ते फोनवरच माणसं देऊन टाकतील. मग विषयाची ओळ बदल: ‘निर्णय नको, माहितीसाठी’. त्यात आता काय ठरलं ते दोन ओळींत लिही.

मूळ अडीच पानं फेकू नकोस. मेलच्या खाली, ‘तपशील’ असं लिहून तशीच चिकटव, वेगळी फाइल जोडू नकोस. गाडीत बसून मोबाइलवर कुणी फाइल उघडत नाही. उद्या सकाळी अकराच्या आत मला कच्चा मसुदा पाठव, मी बैठकीआधी बघते.

तुझी,
ताई